तवंगाचा फोटो आणि तेलाचा हिशेब

कोल्हापुरी मिसळीचा वरून काढलेला फोटो पाहिला की लालभडक तवंग आधी डोळ्यांत भरतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं, ‘केवढं हे तेल!’ पण नेमकं केवढं? फोटोवरून त्याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. गणित शाळेतलंच आहे. अडचण अशी की त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा फोटोत दिसतच नाही.

तवंगाचं क्षेत्रफळ गुणिले जाडी म्हणजे तेलाचं आकारमान. कटाचा पृष्ठभाग 12 सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर त्याचं क्षेत्रफळ साधारण 113 चौरस सेंटीमीटर होतं. त्यावर कडेपासून कडेपर्यंत एक मिलिमीटर तेल असेल, तर ते सुमारे 11 मिलिलिटर भरतं. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याचं वजन 10 ग्रॅमच्या आसपास येतं आणि उष्मांक नव्वदच्या पुढे जातात. तवंग दोन मिलिमीटरचा असला तर हे सगळंच दुप्पट. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आदर्श ताटात 2000 उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारासाठी 27 ग्रॅम तेल-तूप धरलेलं आहे. दोन मिलिमीटरच्या तवंगात त्यातले 21 ग्रॅम एका वाडग्यातच संपतात.

व्यास ठरवायला फोटोत ओळखीच्या मापाची वस्तू हवी. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं. रश्श्याचा पृष्ठभाग त्याच्या साडेचार पट रुंद दिसला, तर व्यास झाला 12 सेंटीमीटर. मात्र नाणं टेबलावर आणि रस्सा पाच सेंटीमीटर उंचीवर असेल, तर इथेच घोटाळा होतो. फोन टेबलापासून 30 सेंटीमीटरवर धरला, तर जवळचा रस्सा वीस टक्के रुंद दिसतो आणि क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट मोजलं जातं. म्हणून नाणं पालथ्या वाटीवर, रश्श्याच्याच उंचीला ठेवावं. फोटो तिरका आला असेल, तर गोल वाडगा लांबट दिसतो. अशा वेळी त्याची मोठी रुंदी हाच व्यास समजावा.

आता जाडी. वरून ती दिसत नाही, पण खुणा सापडतात. तेलाचे सुटे डोळे तरंगत असतील आणि मधून रस्सा दिसत असेल, तर तेल बेताचं आहे. निम्मा पृष्ठभाग अशा डोळ्यांनी व्यापला आणि त्यांची जाडी अर्धा मिलिमीटर धरली, तर हिशेब तीन ग्रॅमच्याही आत राहतो. डोळे एकमेकांत मिसळून सलग थर झाला असेल, पण त्याखालचे मसाल्याचे कण अजून दिसत असतील, तर थर पातळ. कण दिसेनासे होऊन नुसता गडद, चकचकीत लाल रंग उरला, तर तो जाड असण्याची शक्यता वाढते. शक्यताच, कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो. ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची सढळ हाताने घातली असेल, तर पातळ थरही दाट दिसतो. लाली पाहून तेल ठरवणारे बहुतेक इथेच फसतात.

शिवाय तवंग म्हणजे सगळं तेल नव्हे. पाण्यासारखा कट मंद आचेवर ठेवला की तेल वर येतं. तिथे फोटोचा अंदाज बऱ्यापैकी जमतो. तरी वाढणाऱ्याने पातेल्यात वरवर पळी फिरवली की तळापासून, यावर एकाच पातेल्यातल्या दोन वाडग्यांत बराच फरक पडतो. फरसाण घातलं असेल, तर तळणीचं तेल त्याच्या पोटात असतंच.

दाट रश्श्यात मात्र हिशेब कोलमडतो. भरल्या वांग्याचं उदाहरण घ्या. वाटलेला कांदा, खोबरं आणि दाण्याचं कूट तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतात, वर येऊ देत नाहीत. कडेला एक लालसर रेघ सुटलेली दिसते, तेवढीच. ती पाहून ‘भाजीत तेल कमी आहे’ म्हणणं धाडसाचं. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, म्हणजे 30 ग्रॅम कुटातूनच सुमारे 15 ग्रॅम येतं. फोडणीचं वेगळं. म्हणून दाट भाजीच्या फोटोवरून काढलेला आकडा ‘निदान इतकं तरी’ असाच वाचावा आणि पातळ रश्श्याचाही एकच आकडा न सांगता ‘10 ते 20 ग्रॅम’ असा पल्ला सांगावा.

अंदाज पडताळायचा, तर पातळ कट सहा सेंटीमीटर रुंदीच्या उभ्या काचेच्या ग्लासात ओतून थोडा वेळ स्थिर ठेवावा. व्यास निम्मा झाल्याने क्षेत्रफळ चौथाई होतं आणि दोन मिलिमीटरचा तवंग आठ मिलिमीटरचा होऊन बाजूने पट्टीने मोजता येतो. दाट भाजीला हा उपाय चालत नाही. तिथे फोडणी घालताना चमचे मोजावेत आणि बेरजेत कूट-खोबरंही धरावं.