पोशाखाचे स्मरणपत्र लिहिताना

पोशाखाचे किंवा वर्तनाचे स्मरणपत्र म्हणजे आधीपासून लागू असलेल्या नियमाची सर्वांना एकदम करून दिलेली आठवण. त्यात नवा नियम नसतो आणि कोणावर आरोपही नसतो. नवा नियम करायचा तर सेवानियमांत दुरुस्ती करावी लागते. एखाद्याचे चुकले असेल तर त्याच्या नावाने ज्ञापन किंवा कारणे दाखवा नोटीस निघते. कामे अशी वेगळी असली तरी आपल्याकडच्या कचेऱ्यांत या सगळ्या कागदांची भाषा एकच होऊन बसली आहे. ‘असे निदर्शनास आले आहे की’, ‘सक्त ताकीद देण्यात येते’, ‘कसूर केल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल’ ही वाक्ये मुळात ज्ञापनातली आहेत. ती स्मरणपत्रात आली की वाचणारा काय घालायचे हे शोधत नाही. कोण सापडले, हे शोधतो.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे सामान्य प्रशासन विभागाचे ८ डिसेंबर २०२० चे परिपत्रक. शासकीय कार्यालयांत जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर वापरू नयेत, शुक्रवारी खादीचे कपडे घालावेत, असे त्यात सांगितले होते. साडी, सलवार, शर्ट-पँट अशी चालणाऱ्या कपड्यांची यादीही दिली होती, आणि ती उपयोगीच होती. पण सुरुवातीचा सूर असा की काही जणांच्या अयोग्य वेशभूषेमुळे शासनाची प्रतिमा लोकांत मलिन होते. म्हणजे नियम कळण्याआधीच ठपका कळला. शिवाय ‘विचित्र’ नक्षीकाम किंवा चित्रे असलेले कपडे नकोत, असेही त्यात होते. विचित्र कशाला म्हणायचे, हे प्रत्येक साहेबाच्या आवडीवर गेले. बातम्यांत आणि चर्चेत राहिली ती जीन्सची बंदी, आणि २०२१ मध्ये जीन्सच्या बाबतीत शासनाने माघार घेतली. बोचले ते नियमापेक्षा त्यामागे गृहीत धरलेल्या दोषामुळे, असे म्हणायला जागा आहे.

छोट्या कार्यालयात हेच कसे घडते, ते पाहण्यासाठी एका नागरी सहकारी पतसंस्थेची चौदा माणसांची शाखा डोळ्यांपुढे आणावी. सेवानियमांत ओळखपत्र लावण्याची आणि नीटनेटक्या पोशाखाची तरतूद आहे. पावसाळ्यात रबरी चपला चालतील, अशी तोंडी सवलत दिलेली होती. सप्टेंबर संपत आला तरी चपला तशाच आहेत आणि निम्म्यांची ओळखपत्रे खणात पडलेली आहेत. शाखाधिकारी सवयीने लिहितो : ‘काही कर्मचारी कार्यालयात अशोभनीय पोशाखात येत असल्याचे निदर्शनास आले आहे. ही बाब गंभीर असून यापुढे खपवून घेतली जाणार नाही. सर्वांनी याची नोंद घ्यावी.’

या तीन वाक्यांत चप्पल नाही, ओळखपत्र नाही, तारीखही नाही. ‘काही कर्मचारी’ या दोन शब्दांनी मात्र चौदाही जणांना एकमेकांकडे बघायला लावले. ‘अशोभनीय’ हा शब्द तर कपड्यांवरून थेट चारित्र्याकडे जातो, आणि तो सर्वांत आधी बायकांना लागतो. ज्याला फक्त चपला बदलायच्या होत्या, तोही आता स्वतःचा बचाव करू लागतो.

तोच मजकूर असा लिहिता येतो : ‘पावसाळ्यात रबरी चपला वापरण्याची सवलत ३० सप्टेंबरला संपत आहे. १ ऑक्टोबरपासून शाखेतील सर्व अधिकारी व कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत बूट, सँडल किंवा साध्या चपला वापराव्यात. रबरी स्लिपर वापरू नयेत. काउंटरवर येणाऱ्या सभासदांना आपल्यापैकी कोणाशी बोलायचे ते चटकन कळावे म्हणून ओळखपत्र समोरून दिसेल असे लावावे. ओळखपत्र हरवले असल्यास कार्यालयातून नवे मिळेल, त्याचे शुल्क नाही. पायाला दुखापत असल्यास किंवा प्रकृतीच्या कारणाने वेगळी पादत्राणे लागत असल्यास ती वापरावीत. शाखाधिकाऱ्यांना तोंडी सांगितले तरी पुरे.’

इथे पहिले वाक्य तारखेवर उभे आहे. सवलत संपते आहे, म्हणून आठवण. कोणी चुकले म्हणून नव्हे. अशी तटस्थ निमित्ते वर्षात बरीच येतात : ऋतू बदलतो, नवी भरती होते, लेखापरीक्षणाचे दिवस जवळ येतात. एखाद्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी निघालेला कागद कितीही मऊ लिहिला तरी कोणासाठी आहे ते शिपायालाही कळते. अडचण खरोखर एकाच माणसाची असेल तर त्याच्याशी दार लावून दोन मिनिटे बोलावे. एकाला सांगायचे टाळण्यासाठी चौदा जणांना पत्र काढणे, हा स्मरणपत्राचा सर्वांत सामान्य गैरवापर आहे.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे लागते. ‘वापरावे’ या विध्यर्थी रूपात सूचना स्पष्ट असते आणि अदबही राहते. ‘वापरलेच पाहिजे’ म्हटले की त्या ‘च’मध्ये हात उगारलेला दिसतो. उलट ‘शक्यतो वापरावे’ असे लिहिले तर नियम ऐच्छिक होतो आणि पुढचे वाद त्या ‘शक्यतो’वरच होतात. ‘अधिकारी व कर्मचारी’ हे शब्द शोभेसाठी नाहीत. साहेब स्वतः स्लिपर घालून बसणार असतील, तर कागद काढूच नये.

स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या याद्या केल्या की बायकांची यादी हमखास लांबते आणि तिच्यात ओढणीसारखी कलमे शिरतात. चालणाऱ्या कपड्यांची एकच यादी देऊन निवड ज्याची त्याला करू देणे सोपे जाते. डोक्यावरचे वस्त्र, कुंकू, गळ्यातली माळ यांचा उल्लेख कामाशी संबंध असल्याशिवाय करू नये. फिरत्या यंत्राजवळ सैल ओढणी किंवा लोंबता गमछा धोक्याचा असतो, म्हणून तिथे तो नको. कारणही तसेच लिहावे. अशा सुरक्षेच्या नियमात मवाळपणा कामाचा नाही. ‘यंत्राजवळ सैल वस्त्र वापरण्यास मनाई आहे’ हे वाक्य कोणाला शिक्षेसारखे वाटत नाही, कारण धोका समोर दिसतो.

कारवाईचे वाक्य वगळले तर नियम कमजोर होईल, ही भीती लिहिणाऱ्याला नेहमी असते. पण कारवाईचा अधिकार सेवानियमांत असतो. स्मरणपत्रात तो न लिहिल्याने जात नाही. मात्र हे सर्वांना दिलेले स्मरणपत्र म्हणजे एखाद्याला व्यक्तिशः दिलेली समज नव्हे. पुढे कारवाईची वेळ आलीच, तर आधी त्याच्या नावाने लेखी समज आणि खुलाशाची संधी द्यावी लागते. म्हणून पुढे पुरावा होईल या हिशेबाने स्मरणपत्राखाली चौदा सह्या गोळा करण्यात फारसे हाती लागत नाही. उलट सहीचे रजिस्टर फिरले की मार्गदर्शनाचा कागदही पंचनाम्यासारखा वाटतो. सूचना फलकावर लावणे आणि सकाळी एकदा वाचून दाखवणे पुरते.

लावण्याआधी तो कागद विषय ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्यावा आणि हा कोणाबद्दल आहे, असे विचारावे. त्याच्या तोंडून एखादे नाव निघाले तर मजकूर पुन्हा लिहावा. लावल्यानंतरची खूणही सोपी आहे. ‘तक्रार कोणी केली?’ असे लोक आपसात विचारू लागले, तर कागद ज्ञापन म्हणून वाचला गेला. ‘कोल्हापुरी चालेल का?’ असे कोणी येऊन विचारले, तर तो स्मरणपत्र म्हणून वाचला गेला, आणि पुढच्या वेळी यादीत कोल्हापुरीचा उल्लेख करायला हवा.