कर्ता बदलला की क्रियापद बोलते

पोर्तुगीजमध्ये ‘तोमार’ म्हणजे घेणे, ‘पार्तिर’ म्हणजे निघणे. या मूळ रूपाला तिथे इन्फिनितिव्हो म्हणतात. मराठीतल्या ‘घेणे’, ‘निघणे’ला पुरुष नसतो, मी निघण्यापूर्वी, ते निघण्यापूर्वी, दोन्हीकडे ‘निघण्या’ तेच राहते. पोर्तुगीज मात्र या मूळ रूपालाच पुरुषाचे प्रत्यय जोडू शकते. ‘तू’साठी तोमारेस, ‘आम्ही’साठी तोमारमोस, ‘ते’ किंवा ‘तुम्ही लोक’ यांसाठी तोमारेम. ‘तुम्ही’चे तोमारदेस आता बहुधा जुन्या किंवा धार्मिक मजकुरातच भेटते. ‘मी’ आणि ‘तो’ यांना प्रत्यय नाही. (उदाहरणे लेखनाला धरून दिली आहेत. गोव्याकडच्या आणि पोर्तुगालच्या उच्चारात शेवटचा स ‘श’कडे झुकतो, शेवटचा म नाकात विरतो.)

हे रूप कधी लागते, ते रेडीच्या उदाहरणावरून पाहता येते. १७४६ साली पोर्तुगीजांनी तेरेखोलचा आणि रेडीचा किल्ला घेतला. पोर्तुगीज कागदांत रेडीचे ‘रारिम’ होते आणि सावंत-भोसल्यांचे ‘बोंसुलो’. आता सरावासाठी रचलेले हे वाक्य पाहावे: आन्तेस दे ओस पोर्तुगेझेस तोमारेम रारिम, ओ फोर्ते एरा दो बोंसुलो. अर्थ असा, की पोर्तुगीजांनी रेडी घेण्यापूर्वी किल्ला भोसल्यांचा होता. मुख्य वाक्याचा कर्ता किल्ला. घेणारे वेगळे, अनेक, आणि नाव घेऊन सांगितलेले. इथे नुसते ‘तोमार’ चालत नाही, ‘तोमारेम’च हवे. पूर्वी, नंतर, साठी, शिवाय अशा अर्थाच्या शब्दांमागे (आन्तेस दे, देपोइस दे, पारा, सें) वेगळा कर्ता आला की हेच घडते. लिहिताना ‘दे’ आणि ‘ओस’ यांचा ‘दोस’ असा संधी इथे करू नये, असा शिष्ट नियम आहे, कारण ‘ओस’ हा पुढच्या कर्त्याचा भाग आहे. बोलताना तो संधी सर्रास होतो.

कर्ता ‘मी’ असेल तर प्रत्यय दिसत नाही, म्हणून सर्वनामच काम करते: पारा एउ लेर, मी वाचावे म्हणून. ‘मी’ इथे कर्ता आहे, त्यामुळे ‘मिम’ हे रूप चुकीचे ठरते.

कर्ता एकच असेल तर साधे रूप पुरते. ओस बार्कोस व्होल्ताराम सें पेस्कार, म्हणजे होड्या मासे न धरताच परतल्या. इथे ‘पेस्कारेम’ म्हटले तरी चूक नाही, फक्त गरज नाही. गौण वाक्य आधी आले, किंवा क्रियापद कर्त्यापासून दूर पडले, की मात्र लेखक प्रत्यय जोडणे पसंत करतात: पारा शेगारमोस सेदो, साइमोस आस सिंको. लवकर पोचावे म्हणून आम्ही पाचला निघालो.

जिथे कर्ता कोणीच नाही, तिथे प्रत्यय नको. ए प्रेसीझो एस्पेरार, थांबले पाहिजे, हे सगळ्यांना लागू. ‘ए प्रेसीझो एस्पेरारमोस’ म्हटले की थांबायचे ‘आपण’.

शिकणाऱ्याची खरी चूक उलट दिशेने होते. प्रत्यय आवडला की तो सगळीकडे लागतो. सहायक क्रियापदामागे तो कधीही येत नाही: पोदेमोस इर (आपण जाऊ शकतो) बरोबर, ‘पोदेमोस इरमोस’ चूक, कारण पुरुष आधीच ‘पोदेमोस’ने सांगितला आहे. ‘हवे असणे’ या अर्थाच्या केरेरचेही तसेच. कर्ता वेगळा असेल तर तिथे ‘के’ घालून वेगळे वाक्य रचतात: केरो के ओस बार्कोस सायाम, होड्या निघाव्यात अशी माझी इच्छा आहे.

जुने कागद वाचताना आणखी एक घोटाळा होतो. नियमित क्रियापदांत हे रूप आणि भविष्यार्थी संशयरूप हुबेहूब सारखे असते: ‘आन्तेस दे तोमारेम’ (घेण्यापूर्वी) आणि ‘से तोमारेम’ (घेतले तर). फरक आधीच्या शब्दातच असतो: ‘से’ किंवा ‘क्वान्दो’ असेल तर संशयरूप, आणि पारा, आन्तेस दे, सें यांमागे इन्फिनितिव्हो. अनियमित क्रियापदात डोळ्यांनाच खूण मिळते: ‘पारा फाझेरेम’, पण ‘से फिझेरेम’. भूतकाळाचे ‘तोमाराम’ (घेतले) एका अक्षराने वेगळे असते. अठराव्या शतकातील हस्तलिखितांत मात्र तेच भूतकाळी रूप पुष्कळदा ‘-रांव’सारखा उच्चार सुचवणाऱ्या लेखनात येते, आणि आजच्या वाचकाला ते भविष्यकाळ वाटते. तेव्हा शेवटच्या अक्षरापेक्षा आधीचा शब्द पाहून रूप ठरवणे बरे.