पूर आणि संपाच्या दिवशी ऑफिसचा निरोप

मुसळधार पावसात कार्यालयाकडून कर्मचाऱ्यांना जाणारा ‘कुठे आहात, ठीक आहात का’ हा निरोप दोन कामांसाठी असतो: प्रत्येक माणसाचा ठावठिकाणा कळावा आणि पुढे काय करायचे ते त्याला कळावे. पहिले काम उत्तर मागते, दुसरे हुकूम देते. ‘सर्वांनी काळजी घ्या, सुरक्षित राहा’ एवढाच मजकूर गेला तर दोन्ही कामे होत नाहीत.

मुंबईत या निरोपाची गरज २६ जुलै २००५ ला फार कठोरपणे दिसली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्यात मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. दक्षिण मुंबईतल्या खिडकीतून पाहणाऱ्याला उपनगरांत काय चालले आहे याचा अंदाज येणे शक्य नव्हते. लोकल बंद पडल्या, फोन लागेनात. दुपारी घरी निघालेली हजारो माणसे रस्त्यात अडकली, आणि काहींचा बंद गाडीतच जीव गेला. म्हणून निर्णय घेणाऱ्याने आपल्या खिडकीबाहेरचा पाऊस पाहून ‘आता निघा’ असे कधीच सांगू नये. हवामान खात्याचा इशारा, रेल्वेची स्थिती आणि भरतीची वेळ, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. भरती मोठी असली की पावसाचे पाणी समुद्रात जायला वाट उरत नाही आणि सखल रस्ते तासन्‌तास तुंबून राहतात.

समजा, अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीत ४२ माणसे आहेत. दुपारी सव्वादोनला असा निरोप जातो:

“दु. २.१५. अंधेरी सबवे बंद, लोकल उशिराने. भरती ३.४० ला. ऑफिसात असलेल्यांनी ५.३० पर्यंत बाहेर पडू नये. चहा-जेवणाची सोय आहे. घरी असलेल्यांनी येऊ नये, आजची हजेरी धरली जाईल. वाटेत असलेल्यांनी जवळच्या स्टेशनात किंवा उंच जागी थांबावे. उत्तरात फक्त आकडा: १ घरी, २ ऑफिसात, ३ वाटेत, ४ मदत हवी. ३ वाजेपर्यंत कळवा. पुढचा निरोप ४ वाजता.”

यात हजेरीचा उल्लेख मुद्दाम आहे. पगार कापला जाईल या भीतीने माणूस गुडघाभर पाण्यातून निघतो. ती भीती एका वाक्यात संपते. पुढच्या निरोपाची वेळ दिली की दर पाच मिनिटांनी येणारे चौकशीचे फोनही थांबतात. इंटरनेट गेले असेल तर साधा एसएमएस बऱ्याचदा पोहोचतो, पण देवनागरीत एका एसएमएसमध्ये काना-मात्रा धरून ७० चिन्हेच मावतात. तेव्हा एवढेच पाठवावे: “सध्या कुठे? १ घरी २ ऑफिसात ३ वाटेत ४ मदत हवी. ३.०० पर्यंत आकडा पाठवा”.

खरे काम निरोप गेल्यावर सुरू होते. तीन वाजता ३१ उत्तरे आलेली असतात: २० जण ऑफिसात, ८ घरी, ३ वाटेत. उरलेले ११ हाच काळजीचा आकडा. व्हॉट्सअ‍ॅपवरची निळी खूण म्हणजे उत्तर नव्हे. निरोप वाचून लगेच फोनची बॅटरी संपलेली असू शकते. छापील यादी समोर ठेवून एकेका नावापुढे खूण करावी लागते, कारण ग्रुपवर ‘ओके’ची रांग लागली की न बोललेले नाव नजरेतून सुटते. फोन केल्यावर ७ जण सापडतात, ३ जणांची खबर घरच्यांकडून मिळते. एकाचा फोन बंद, घरच्यांनाही पत्ता नाही. अशा वेळी तो कोणत्या गाडीने, कोणाबरोबर निघाला हे सहकाऱ्यांना विचारून शोध सुरू होतो. धोक्याची शंका आल्यास महापालिकेच्या १९१६ वर कळवले जाते.

यादीतच एक मोठी चूक लपलेली असते. सफाई कामगार, सुरक्षारक्षक, कॅन्टीनची मुले ठेकेदाराच्या पटावर असतात, म्हणून कंपनीच्या ग्रुपवर नसतात. पाणी आत शिरते तेव्हा तीच माणसे तळमजल्यावर असतात. त्यांची नावे आणि घरचे नंबर पावसाळ्याआधीच यादीत यायला हवेत.

संपाचा निरोप वेगळा असतो. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा संप ९ दिवस चालला. २०२१ अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप तर कित्येक महिने लांबला. इथे जिवाला धोका नसतो, प्रश्न पोहोचण्याचा असतो. म्हणून निरोप आदल्या संध्याकाळी जातो आणि विचारणाही बदलते: कशाने येता, दुसरी सोय आहे का, कोणाच्या गाडीत जागा आहे. त्या उत्तरांवरून कोणी घरून काम करायचे, कोणाची पाळी पुढे ढकलायची आणि रिक्षाचे जादा भाडे कंपनी देणार की नाही, हे त्याच रात्री कळवले जाते. सकाळी सात वाजता आलेला निरोप डहाणू किंवा कर्जतहून येणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. तो तोवर घराबाहेर पडलेला असतो.