दोन बाय चारची फरशी पोकळ का वाजते? सिमेंटचा माल की टाईल अॅडेसिव्ह, बसवण्याआधी हे वाचा

जळगाव-धुळ्याकडे गावात नवं घर उभं राहिलं की हॉलमध्ये आता शहाबादी किंवा कोटा कोणी टाकत नाही. मोरबीहून येणारी दोन बाय चार फुटांची चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीच बहुतेकांना हवी असते. घरभरणीला फरशी छान दिसते. वर्ष-दोन वर्षांनी मात्र चालताना काही ठिकाणी ढबढब आवाज येतो, कोपरा हलतो आणि धान्याची गोणी जरा जोरात ठेवली की फरशीला तडा जातो. मग दोष कधी मिस्तरीला दिला जातो, कधी दुकानदाराला. खरं कारण बहुतेक वेळा फरशीच्या खाली असतं.

जुनी पद्धत जुन्या फरशीसाठी बरोबर होती

आपल्याकडची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. रेती-सिमेंटचा दीड-दोन इंच माल पसरायचा, त्यावर सिमेंटचा घोळ ओतायचा, फरशी ठेवायची आणि रबरी हातोड्याने ठोकून लेव्हलला आणायची. शहाबादी, कोटा, साधी सिरॅमिक टाईल अशी चांगली बसते, कारण त्यांची पाठ थोडंफार पाणी पिते. पाण्याबरोबर सिमेंटचा घोळ बारीक छिद्रांत शिरतो आणि तिथेच घट्ट होतो.

व्हिट्रिफाइड फरशी फार जास्त तापमानात भाजलेली असते. ती शंभर किलो वजनाला अर्धा किलोसुद्धा पाणी शोषत नाही. म्हणून ती पाण्यात भिजवूनही उपयोग नसतो. सिमेंटच्या घोळाला तिची पाठ काचेसारखी असते, धरायला जागाच मिळत नाही. त्यात फरशी मोठी. दोन बाय चारची एक फरशी साधारण १५ किलोची भरते. ती ठोकताना एक टोक दाबलं की दुसरं उचलतं आणि खाली हवा अडकते. शिवाय जाड माल सुकताना आकसतो आणि फरशीपासून सुटतो. खान्देशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात पारा ४२-४४ वर असतो, तेव्हा तर फरशी ठेवण्याआधीच घोळाचं पाणी उडून गेलेलं असतं.

कोबा लेव्हलसाठी, अॅडेसिव्ह चिकटवण्यासाठी

जुन्या पद्धतीत एकाच मालाकडून दोन कामं एकाच वेळी करून घेतली जातात. जमीन लेव्हल करायची आणि फरशी चिकटवायची. मोठ्या फरशीला ही दोन कामं वेगळी करावी लागतात. लेव्हलचं काम रेती-सिमेंटच्या कोब्याने करायचं आणि चिकटवायचं काम अॅडेसिव्हने.

अॅडेसिव्हमध्येही सिमेंट आणि बारीक रेतीच असते, पण सोबत पॉलिमर असतं. त्यामुळे ते गुळगुळीत पाठीलाही धरतं आणि त्यातलं पाणी लवकर उडत नाही. मात्र ते पातळ थरातच चालतं. खड्डा भरायला अॅडेसिव्ह वापरलं तर पैसे जातात आणि जाड थर आकसून पुन्हा पोकळी होते.

म्हणून आधी कोबा. पायात काळी माती राहिली असेल किंवा मुरुमाची भर पाणी मारून नीट ठोकली नसेल, तर जमीन खाली बसेल आणि वर कितीही भारी अॅडेसिव्ह लावलं तरी फरशी सुटेल. रेतीत माती जास्त असेल तर कोबाच भुसभुशीत होतो. कोबा एकास चार मालाचा करावा, सात दिवस पाणी मारावं आणि नंतर वाळू द्यावा. त्यावर सहा फुटी सरळ पट्टी फिरवून पाहावी. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर ती जागा आधीच दुरुस्त करावी.

एका खोलीचा हिशोब

समजा खोली १० बाय १२ फुटांची आहे, म्हणजे १२० चौरस फूट. दोन बाय चारच्या १५ फरश्या लागतील. एका बॉक्समध्ये दोन येत असतील तर आठऐवजी नऊ बॉक्स घ्या. तीन फरश्या शिल्लक राहतील. कापताना एखादी फुटली तर कामाला येईल, नाहीतर जपून ठेवा. पुढे तोच शेड मिळेलच असं नाही.

मोठ्या फरशीला २० किलोची अॅडेसिव्हची गोणी साधारण ३० चौरस फूट पुरते. म्हणजे या खोलीला चार गोण्या. गोणीवर आयएस १५४७७ आणि टाईप २ किंवा त्यापुढचा टाईप लिहिलेला पाहा. टाईप १ लहान सिरॅमिक टाईलसाठी असतो. कोबा दोन्ही पद्धतींत लागतोच, म्हणून जादा खर्च या चार गोण्यांचा आणि थोड्या जास्त मजुरीचा. फरशीचं बिल समोर ठेवून तो मोजा.

काम करताना समोर उभं राहा

एका गोणीला साधारण पाच लिटर पाणी लागतं, पण गोणीवर लिहिलेलं माप पाळा. मिसळल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा ढवळायचं. नंतर घट्ट झालं म्हणून पाणी टाकायचं नाही आणि पुरवायला त्यात सिमेंट तर अजिबात मिसळायचं नाही.

फरशीच्या पाठीवर पांढरी भुकटी असते, ती ओल्या फडक्याने पुसून काढा. कोब्यावर अॅडेसिव्ह पसरून १० मिमी दातांच्या थापीने सरळ रेघा ओढायच्या. सगळ्या रेघा एकाच दिशेने हव्यात, गोल गोल नकोत. गोल रेघांत हवा कोंडते. फरशीच्या पाठीवरही पातळ हात मारायचा. मग फरशी ठेवून रेघांना आडवी थोडी मागे-पुढे सरकवत दाबायची, म्हणजे रेघा मोडून हवा बाहेर जाते.

अॅडेसिव्ह वापरूनही फरशी पोकळ वाजते, तेव्हा कारण बहुधा हेच असतं की मिस्तरी चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून मोकळा होतो. गोळ्यांच्या मधली जागा रिकामीच राहते. अशा कामाला तिथेच थांबवा.

उन्हाळ्यात एका वेळी एक-दोन फरश्यांपुरतंच पसरवा. पसरलेल्याला बोट लावून पाहा. बोटाला चिकटलं नाही तर वर साय धरली आहे, ते खरवडून काढून नवीन लावा.

पहिली फरशी बसवली की लगेच उचलून उलटी करायला सांगा. पाठ कोपऱ्यांसकट जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. दहातला एक भाग कोरा असला तर चालेल, त्याहून जास्त नको. पुढेही दहा-बारा फरश्यांमागे एक उचलून बघा.

दोन फरश्यांत २-३ मिमीचा सांधा ठेवा, भिंतीकडे ५-६ मिमी सोडा. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. सांधे दुसऱ्या दिवशी भरा आणि तोवर वर पाय देऊ नका.

नंतर कसं ओळखायचं

आठवड्याने लाकडी दांड्याने प्रत्येक फरशी हलकेच वाजवा. ठणठणीत आवाज म्हणजे बरोबर. मध्यभागी हातभर जागेत थोडा पोकळ आवाज आला, पण फरशी हलत नसेल, तर ती तशीच राहू द्या. कोपरा पोकळ असेल तर फरशी काढून पुन्हा बसवून घ्या, कारण तडा तिथूनच सुरू होतो. मिस्तरीचा शेवटचा हप्ता ही तपासणी झाल्यावर द्यायचा, हे काम ठरवतानाच बोलून घ्या.

ओट्याला, अंगणाला किंवा गोठ्याला कोटा-शहाबादी टाकायची असेल तर अॅडेसिव्हची गरज नाही, तिथे सिमेंटचा मालच चांगला.