पातेल्याचा धडा

सुटं गोडेतेल मिळायचं तेव्हा वाणी आधी आपली किटली तराजूच्या एका पारड्यात ठेवायचा आणि दुसऱ्या पारड्यात खडे, खिळे, जे हाताला लागेल ते टाकून काटा सरळ करायचा. याला म्हणायचे ‘धडा करणं’. भांड्याचं वजन असं फिटलं की मगच माप पडायचं आणि गिऱ्हाईक फक्त तेलाचे पैसे द्यायचं. आज व्यायाम करणारी, प्रथिनांचा हिशेब ठेवणारी मुलं स्वयंपाकघरात डिजिटल काटा घेऊन नेमकं हेच करतात.

माझा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. त्याला दिवसाची प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्धांश, म्हणजे ज्याला ही मुलं ‘मॅक्रो’ म्हणतात ते, मोबाइलमध्ये नोंदवायचं असतं. अंडं, दूध, केळं यांचं काम सोपं होतं. अडायचं ते आमटीशी. “मावशी, या वाटीत डाळ किती गेली?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ॲपमध्ये ‘आमटी, एक वाटी’ अशी तयार नोंद सापडते, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरची आमटी असते. त्यांनी पाणी किती घातलं आणि फोडणीला तेल किती घेतलं, ते आपल्याला कळायला मार्ग नाही. आमटीत सगळा खेळ पाण्याचा आणि तेलाचाच असतो.

म्हणून हिशेब सुरू करायचा तो कच्च्या जिन्नसांपासून. त्या दिवशी मी 200 ग्रॅम तूरडाळ धुण्याआधी कोरडी मोजली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांच्या आधाराने धरलं तर 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं, 55 ग्रॅम कर्बोदकं, दीड ग्रॅम स्निग्धांश आणि 330 कॅलरी असतात. तेलासाठी चमचा वापरला नाही, कारण प्रत्येक घरातला चमचा वेगळा. तेलाची बरणीच काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला, कढईत तेल ओतलं आणि बरणी परत ठेवली. काटा उणे 20 दाखवत होता, म्हणजे 20 ग्रॅम तेल गेलं. गूळ 15 ग्रॅम. आमसूल, हिंग, मोहरी, गोडा मसाला सोडून दिला, कारण त्यांनी बेरजेत फारसा फरक पडत नाही. सगळं मिळून पातेल्यात 44 ग्रॅम प्रथिनं, 123 ग्रॅम कर्बोदकं, 23 ग्रॅम स्निग्धांश आणि जवळपास 890 कॅलरी गेल्या.

आता आमटी उकळून खाली उतरली. भरलं पातेलं 2,040 ग्रॅम भरलं. रिकामं पातेलं आधीच मोजून ठेवलं होतं, 640 ग्रॅम. वजा केलं की आमटी राहिली 1,400 ग्रॅम. भाच्याच्या वाटीत 180 ग्रॅम पडली, म्हणजे 1,400 पैकी 180 भाग त्याचे. 180 ला 1,400 ने भागून 44 ने गुणलं की 5.7 ग्रॅम प्रथिनं येतात. कॅलरी त्याच हिशेबाने 114. ही आकडेमोड ॲपवरही टाकता येते. पाककृती जतन करताना ‘किती जणांसाठी’ या रकान्यात 1,400 लिहायचं. मग एक ग्रॅम म्हणजे एक वाढप, आणि नोंद करताना 180 वाढपं टाकली की झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शिजलेल्या आमटीचं 1,400 हे वजन आपण फक्त वाटणीसाठी वापरतो. आमटी आणखी दहा मिनिटं उकळली असती तर पाणी उडून ती 1,250 ग्रॅम राहिली असती, पण डाळ 200 ग्रॅमचीच. म्हणून वजन घ्यायचं ते अगदी शेवटी, वाढायच्या आधी, आणि एकदाच. भातालाही हेच लागू. कच्चे तांदूळ मोजून घ्यायचे आणि शिजलेल्या भाताचं वजन फक्त वाटण्यापुरतं.

चुका होतात त्या बहुतेक भांड्याच्याच. पातेल्यात पळी तशीच राहते आणि तिचं वजन आमटीत धरलं जातं. रिकामं पातेलं झाकणासकट मोजलेलं असतं आणि भरलेलं झाकणाशिवाय. आधी शून्य करून ठेवलेला काटा स्वयंपाक होईपर्यंत आपोआप बंद होतो आणि तो धडा हरवतो. म्हणून मी रोजच्या भांड्यांची वजनं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. आईच्या वेळी भांड्यांवर नावं कोरून घ्यायचे. तिथेच खाली वजनही कोरलेलं असतं तर किती बरं झालं असतं! मोजायचं विसरलंच तर घाबरायचं कारण नाही. भरल्या पातेल्याचं वजन तेवढं टिपून ठेवावं आणि घासून पुसून झाल्यावर दुसऱ्या दिवशी वजाबाकी करावी.

बिडाच्या कढईचं मात्र वेगळं. आमचा काटा पाच किलोपर्यंतचा. कढई एकटीच अडीच किलोची, त्यात तीन किलो भाजी असली की काटा आकडाच दाखवत नाही. अशा वेळी भाजी हलक्या पातेल्यात काढून घ्यावी. शिवाय चुलीवरून उतरवलेलं गरम भांडं थेट काट्यावर ठेवलं तर आकडा हळूहळू सरकत राहतो. खाली लाकडी पाट ठेवून, त्याच्यासकट शून्य करून मग भांडं ठेवलं तर आकडाही स्थिर राहतो आणि काट्याची काचही वाचते. पातेल्याच्या घेराखाली आकडे झाकले जात असतील तर तोच पाट कामाला येतो.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, आणि ती मान्य केलीच पाहिजे. वाटणी खरी ठरते ती पातेल्यातला पदार्थ सगळीकडे सारखा असेल तरच. आमटी पाच मिनिटं तशीच राहिली की डाळ तळाशी बसते. वरची पळी घेणाऱ्याला पाणी मिळतं, तळातली घेणाऱ्याला प्रथिनं. प्रत्येक वेळी तळापासून ढवळून वाढलं की हा फरक बराच मिटतो. मिसळीच्या कटाचं मात्र ढवळून भागत नाही, कारण तर्री लगेच पुन्हा वर येते. ज्याच्या वाटीत तर्री जाते त्याच्या वाट्याला बहुतेक सगळं तेल जातं, मग वजन कितीही अचूक असो. कोंबडीच्या रश्श्यातही तसंच. तिथे मी फोडी बाहेर काढून वेगळ्या मोजते, रस्सा वेगळा, आणि जेवण झाल्यावर ताटातली हाडं मोजून वजा करते.

आणि शिळ्या आमटीचं. फ्रिजमध्ये ती घट्ट होते, सकाळी गरम करताना हात आपोआप पाण्याकडे जातो. त्या दिवशी 480 ग्रॅम उरली होती, म्हणजे तिच्यात 15 ग्रॅम प्रथिनं. पाणी घातल्यावर ती 600 ग्रॅम झाली. आदल्या रात्रीच्याच 180 ग्रॅमच्या वाटीत आता साडेचार ग्रॅम प्रथिनं होती. भाच्याने जुनीच नोंद टाकायला घेतली होती. मी त्याला थांबवलं, पातेलं काट्यावर ठेवलं आणि 640 वजा करायला सांगितलं.