तीस टक्के ‘अर्जंट’चे कुठून आले?

पंप बनवणाऱ्या पुण्याजवळच्या एका मध्यम कारखान्याचं उदाहरण घेऊ. त्यांच्या ६०० बेअरिंग हाउसिंगचं मशिनिंग कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतला एक सप्लायर करतो. कास्टिंग कारखान्याचं, मजुरी सप्लायरची, नगाला १३० रुपये. माल चार आठवड्यांनी यायचा होता. पण निर्यातीचा कंटेनर अलीकडे आला आणि आता तोच माल कामाच्या दहा दिवसांत हवा. परचेसवाल्याने फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं : “साहेब, पोरांना ओव्हरटाइम द्यावा लागेल. तीस टक्के अर्जंट चार्ज धरा.”

नगामागे ३९ रुपये, म्हणजे एकूण २३,४०० रुपये. इथे बहुतेक जण घासाघीस सुरू करतात, तीसचे वीस होतात आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं. पण वीस टक्केही हवेतलेच. आधी विचारायचं ते एवढंच, की या कामासाठी जादा खर्च नेमका कशावर होणार आहे?

१३० रुपयांत कारागिराची मजुरी आहे, तसा मशीनचा हप्ता, शेडचं भाडं, वीज, टूल, सुपरवायझरचा पगार आणि नफाही आहे. पाळी दोन तास लांबली म्हणून हप्ता वाढत नाही की भाडं वाढत नाही. वाढते ती मजुरी, आणि तीही पूर्ण नव्हे. कायद्याप्रमाणे आठवड्याच्या ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते. आठ तासांच्या सहा पाळ्या झाल्या की ४८ भरतात, त्यापुढचा तास दुप्पट. पण या दुपटीतला पहिला भाग नगाच्या दरात आधीच धरलेला असतो, कारण तो नग दिवसा केला असता तरी तेवढी मजुरी लागलीच असती. जादा आहे तो फक्त वरचा एकपट. ओव्हरटाइमचा प्रीमियम म्हणतात तो हाच. तीस टक्के सरसकट लावले की आपण मशीनच्या हप्त्यालाही ओव्हरटाइम देतो.

आता आकडे मांडू. एका हाउसिंगला सीएनसी लेथवर १२ मिनिटं आणि व्हीएमसीवर ६ मिनिटं लागतात, म्हणजे ६०० नगांना १८० तास. नेहमीच्या पाळ्यांत सप्लायर १०० तास देऊ शकतो. उरलेले ८० तास चार ऑपरेटर रोज दोन तास जादा थांबून दहा दिवसांत काढतील. ऑपरेटरची मजुरी तासाला ९० रुपये, म्हणून प्रीमियमही तासाला ९० रुपये. ८० तासांचे झाले ७,२०० रुपये. तपासणी करणारा ४० तास थांबणार, त्याचा दर ८० रुपये, म्हणून त्याचे ३,२००. चहा-नाश्ता आणि रात्री घरी सोडण्याची गाडी मिळून १,६००. सगळं मिळून १२,००० रुपये, नगामागे २०. मागितले होते ३९.

मग हे २० कोणी सोसायचे? कॉस्टिंगचा जुना नियम सरळ आहे : ज्याच्यामुळे ओव्हरटाइम लागला, त्याच्या माथी खर्च. गिऱ्हाइकाने घाई केली तर खर्च त्या ऑर्डरवर. सप्लायरकडे एकूणच काम जास्त झालं असेल तर तो त्याचा कायमचा खर्च. मशीन बंद पडलं किंवा माल बिघडला तर ते त्याचं नुकसान.

या नियमात एक खोच आहे. घड्याळ पाहून तो लावता येत नाही. आपले हाउसिंग दिवसा झाले आणि त्यासाठी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम रात्री ढकललं गेलं, तरी प्रीमियम आपल्यामुळेच लागला. “आमचा माल तर पहिल्या पाळीत झाला” हा युक्तिवाद प्रामाणिक नाही. उलटही घडतं. सप्लायरच्या पाळ्या महिनाभर दहा तासांच्याच चालल्या असतील, तर आपल्या ऑर्डरने नवीन काही घडलेलं नाही. हे कळायला एकच कागद पुरतो, मागच्या महिन्याचा ओव्हरटाइम रजिस्टरचा उतारा. तो मागण्यात अविश्वास नाही. त्याच उताऱ्यावरून आणखी एक गोष्ट उघडी पडते. बऱ्याच शेडमध्ये जादा तासांना प्रत्यक्षात एकपटच मजुरी देतात. तसं असेल तर जो प्रीमियम कारागिराच्या हातात पडतच नाही, तो गिऱ्हाइकाने का भरावा? आणि भरायचाच असेल, तर तो कारागिरापर्यंत पोचला पाहिजे.

आपल्या उदाहरणात आणखी एक गाठ आहे. सप्लायरने आधी केलेल्या ८० नगांचा बोअर मोठा झाला होता आणि ते रिजेक्ट झाले. आता करायच्या ६०० मध्ये हे ८० पुन्हा आले आहेत. त्यांना लागणारे २४ तास घाई नसती तरी त्याला द्यावे लागलेच असते. ते २४ तास ओव्हरटाइमच्या ८० मधून वजा केले की ५६ उरतात, म्हणजे सत्तर टक्के. १२,००० चे सत्तर टक्के ८,४०० रुपये, नगामागे १४. बाकीचे ३,६०० सप्लायरचे. बिघडलेल्या कास्टिंगची किंमत हा वेगळा हिशेब, तो या पत्रात मिसळला की दोन्ही भांडणं अडकतात.

पत्र काम सुरू होण्याआधी जायला हवं. माल मिळाल्यावर लिहिलेलं पत्र म्हणजे नुसता वाद. ते साधारण असं असावं :

“आपल्या ऑर्डरमधील ६०० हाउसिंग आम्हांला आधी ठरलेल्या तारखेऐवजी दहा कामाच्या दिवसांत हवे आहेत. ही घाई आमच्याकडून आहे, म्हणून त्यासाठी लागणारा ओव्हरटाइमचा जादा भाग आम्ही देऊ. नगाचा मूळ दर १३० रुपये कायम राहील. आमच्या हिशेबाने ८० तास जादा लागतील. त्यांपैकी २४ तास रिजेक्ट झालेल्या ८० नगांचे असल्याने ते आपल्याकडे धरले आहेत. आमचा वाटा जास्तीत जास्त ८,४०० रुपये. प्रत्यक्षात तास कमी लागले तर त्या प्रमाणात रक्कम कमी होईल. उशिरा आलेल्या लॉटवर प्रीमियम देय राहणार नाही. बिलासोबत ओव्हरटाइम रजिस्टरचा उतारा जोडावा. आपले तास वेगळे येत असतील तर उद्यापर्यंत कळवावे, म्हणजे सुधारित ऑर्डर पाठवतो.”

यातलं सर्वांत मोलाचं वाक्य माझ्या मते दुसरं. घाई आपली आहे हे आधीच मान्य केलं की सप्लायर तासांचा खरा हिशेब द्यायला तयार होतो. ते टाळून थेट रिजेक्शनवर बोट ठेवलं, तर तो तीस टक्क्यांवरच अडून बसतो. ‘जास्तीत जास्त’ हा शब्दही सोडू नये, नाहीतर ८० तासांचे १२० व्हायला वेळ लागत नाही.

पत्र लिहिण्याआधी एक फोन स्वतःच्या डिस्पॅचला जरूर करावा. कंटेनरमध्ये पहिल्या खेपेला ३५० पंपच जाणार असतील, तर ६०० ची घाई कशासाठी? ३५० नगांना लागतात १०५ तास, आणि १०० तास तर नेहमीच्या पाळीतच मिळत होते. अशा वेळी प्रीमियमचा प्रश्न जवळपास उरतच नाही.

ही रक्कम बिलात नगाच्या दरात मिसळू देऊ नका. ‘ओव्हरटाइम प्रीमियम, फक्त या ऑर्डरपुरता’ अशी वेगळी ओळ घ्या, जीएसटी तिच्यावरही लागेलच. एकदा बिलावर १४४ रुपये दर छापला गेला, की पुढच्या ऑर्डरचं कोटेशन १४४ वरूनच सुरू होतं.