कॅमेऱ्यांसाठी स्थिर पत्ता मागताना

दुकानातले कॅमेरे घरून थेट पाहायचे, तर रेकॉर्डरपर्यंत बाहेरून वाट हवी. अनेक इंटरनेट कंपन्या मात्र एकच सार्वजनिक आयपी पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. मग राउटरमध्ये पोर्ट उघडूनही जोडणी होत नाही. राउटरच्या WAN रकान्यात 100.64 ते 100.127 यांपैकी सुरुवात असलेला पत्ता दिसला, तर हेच कारण समजावे.

कंपनीला ईमेल लिहिताना दुकानदाराने ग्राहक क्रमांक आणि हा पत्ता द्यावा. नुसता ‘स्थिर आयपी’ न मागता ‘स्थिर सार्वजनिक IPv4 पत्ता’ मागावा, कारण खासगी पत्ताही स्थिर असू शकतो. शुल्क किती आणि बाहेरून येणारे पोर्ट बंद आहेत का, हेही विचारावे. पत्ता मिळण्याआधीच रेकॉर्डरचा मूळ पासवर्ड बदलणे अत्यावश्यक आहे.